प्रेसवाल्या काकूंना, कापड पेठेतून

काकू,

दुकानाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची जाहिरात घेऊन मी आलो तेव्हा कागदावर एवढंच होतं: ‘भव्य सुवर्णमहोत्सवी सेल, 50 टक्क्यांपर्यंत सूट’. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, “‘पर्यंत’ म्हणजे किती वस्तूंवर?” खरं उत्तर होतं, दोन.

मग दुकान कधी उघडलं ते विचारलंत. मी पोटमाळ्यावरून आजोबांचा रोजमेळ आणला. 2019 च्या पुरात बाकीच्या वह्या गेल्या, तो एकच वाचला. पहिलं पान: बुधवार, 10 जुलै 1974. दोन टॉवेल, एक धोतरजोडी, एक खण. गल्ला 41 रुपये 60 पैसे. आणि तुम्ही एकदम म्हणालात, “अरे, हा तर आषाढ!”

आषाढात नवं दुकान कोण उघडतं? पण गाळा रिकामा झाला होता आणि मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार नव्हता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, जाहिरातीत घालावं असं कुणाला सुचलं नव्हतं. ज्या महिन्यात पेठ माश्या मारत बसते तोच आमचा महिना निघाला. तुम्ही लिहिलंत:

‘आषाढात दुकान उघडू नका, असं सगळे म्हणाले. आजोबांनी उघडलं. पहिल्या दिवसाचा गल्ला 41 रुपये 60 पैसे. त्या दिवशी विकलेल्या टॉवेल, धोतरजोडी आणि खणावर 10 ते 20 जुलै 20 टक्के सूट. बाकी माल रोजच्याच भावात.’

शेवटच्या वाक्यावर मी कुरकुरलो होतो. पण गल्ल्यावर एकदाही ‘यावर का नाही?’ म्हणून वाद झाला नाही. पुराचा फोटोही तुम्ही जाहिरातीतून वगळायला लावलात. “पाणी सगळ्या पेठेत शिरलं होतं, ते काय तुझ्या एकट्याचं आहे?” हे मात्र लागलं, आणि पटलंही.

1974 च्या भावात टॉवेल द्यायचा हट्ट माझा. त्यावर तुम्ही आकडा मागितलात: नग 50, घरटी एक, आणि किती उरले ते दारावरच्या फळ्यावर. पहिल्याच दिवशी साडेअकराला फळ्यावर शून्य लागलं. नंतर आलेले फळा वाचून हसले, भांडले नाहीत. बरेच जण आत येऊन रोजमेळाचं पान बघत बसले, आणि बघता बघता चादरी-परकर घेऊन गेले.

एक चूक झाली, ती माझी. व्हॉट्सॅपवर पाठवताना जाहिरातीच्या फोटोची खालची कड कापली गेली आणि नेमक्या तारखा तिथेच होत्या. 21 ला मिरजेहून दोन बायका आल्या. त्यांना सूट दिली, दुसरं काय करणार! पुढच्या वेळी तारीख पहिल्या ओळीत.

छपाईचं बिल तुम्ही पाठवलंत, लिहिण्याचं नाही. पन्नासांतला एक टॉवेल आधीच बाजूला काढून ठेवला होता, म्हणजे फळ्यावर खरं तर 49 च लिहायला हवे होते. येऊन घेऊन जा. पैसे मात्र 1974 च्याच भावाने द्यायचे.

तुमचा,
टॉवेलवाल्याचा नातू