लाखाचे कोटी केलेत तर फाइलीत तसं लिहा: सांख्यिकी खात्याच्या मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

नमस्कार. सरकारी कार्यालयं दर महिन्याला खर्चाच्या ज्या फाइली टाकतात त्या उतरवून त्यावर डॅशबोर्ड चालवायचं काम मी करते. तो बघून लोक ठरवतात की पैसा कुठे अडकलाय, कुठे संपलाय, कुठे अजून मागायचाय. मागे एका कार्यालयाच्या फाइलीत जे झालं ते सविस्तर सांगायचंय. कार्यालयाचं नाव घेत नाही कारण तिथल्या माणसांची त्यात चूक नव्हती, चूक पद्धतीत आहे आणि ती तुम्हीच बदलू शकता.

फाइल साधी, ३१ खर्चशीर्षं आणि समोर रक्कम, लाखात. शुक्रवारी संध्याकाळी नवीन महिन्याची आली, मी ती टेस्टच्या कॉपीवर चढवली, सोमवारी सकाळी लाइव्ह जाणार होती. कॉलमची नावं तीच, क्रम तोच, ओळी ३१ च. एकूण खर्च आधीच्या महिन्यात ४८,२०० होता तो आता ४३,९५७ दिसत होता, म्हणजे साधारण ८.८ टक्के कमी. आमच्याकडे एक चेक आहे की एकूण आकडा १५ टक्क्यांच्या वर हलला तर फाइल थांबते, तर ही थांबली नाही, सगळं हिरवं. खर्च एखाद्या महिन्यात तेवढा कमी होतोच, कुणालाही वावगं वाटलं नसतं.

मला खटकली ती एक ओळ. दुरुस्ती व देखभाल आधी ४१२.६० होती ती आता ४.३१. आधी वाटलं मोठं बिल मागच्या महिन्यात निघालं असेल, होतं असं. पण खाली प्रवासखर्च ९६.२५ वरून ०.९४ आणि मग माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन्ही ठिकाणी नवा आकडा जुन्याच्या बरोबर शंभराव्या भागाच्या आसपास होता. लगेच सगळ्या शीर्षांची नवी रक्कम भागिले जुनी रक्कम काढली:

```sql
SELECT n.head, n.amount / NULLIF(o.amount, 0) AS ratio
FROM new_month n
JOIN old_month o ON o.head = n.head
ORDER BY ratio;
```

१९ शीर्षांचं गुणोत्तर शून्य ते ०.०१२ मध्ये, त्यातली बहुतेक ०.०१ ला चिकटलेली, उरलेली १२ एकच्या अवतीभवती, आणि मधे काहीच नाही. खरा खर्च कमी होतो तेव्हा असं होत नाही हो, तेव्हा कुणाचं ०.७ येतं, कुणाचं ०.४, कुणाचं १.३, सगळं विखुरलेलं असतं. एखादं शीर्ष शंभराव्या भागावर येऊ शकतं, पण एकोणीस एकाच महिन्यात तिथेच येऊन बसणार नाहीत. म्हणजे १९ ओळी कोटीत आल्या होत्या आणि १२ अजून लाखातच होत्या.

मग एकूण आकड्यात ते दिसलं का नाही? कारण ती १९ शीर्षं छोटी होती, सगळी मिळून आधीच्या महिन्यात ५,६०० लाख, ती झाली ५७, पण मोठी १२ शीर्षं ४२,६०० वरून ४३,९०० झाली आणि त्यांनी खड्डा झाकून टाकला. सगळीच फाइल कोटीत आली असती तर एकूण ९९ टक्के पडलं असतं आणि चेकने ती जागच्या जागी अडवली असती. अर्धवट बदल जास्त घातक तो यासाठी. तेव्हापासून मी एकूण आकड्यावर भरवसा ठेवत नाही, प्रत्येक ओळीचं गुणोत्तर बघते आणि पाचाहून जास्त ओळी ०.१, ०.०१, ०.००१ किंवा उलट बाजूने १०, १००, १००० च्या जवळ गोळा झाल्या की फाइल पुढे जाऊच देत नाही.

कार्यालयात फोन केला तर तिथल्या ताई म्हणाल्या, "अहो नवीन फॉर्म आलाय ना, त्यात कोटीत भरायचं सांगितलंय, काही शाखांनी भरायला सुरुवात केली, काहींकडे अजून जुनाच फॉर्म आहे." परिपत्रक भरणाऱ्यांना गेलं, वाचणाऱ्यांना नाही. फाइलीच्या डोक्यावर "रक्कम लाखात" तसंच होतं.

आता तुम्ही म्हणाल मग त्या १९ ओळींना शंभरने गुणा आणि मोकळे व्हा. मी तो मोह टाळला, एक तर पुढच्या महिन्यात कुठली शाखा कशात भरेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे गुणून आकडा परत येतच नाही. फॉर्ममध्ये दशांशाची दोनच घरं आहेत. ०.९४ कोटी म्हणजे ९३.५० लाखही असू शकतात आणि ९४.४९ पण. आणि एका शीर्षावर महिन्याला ०.३८ लाख खर्च व्हायचा, तो कोटीत ०.००३८ होतो, फाइलीत उतरताना ०.००. म्हणजे त्या शीर्षावर काहीच खर्च झाला नाही असं जगाला दिसतं. शेवटी सोमवारी आम्ही आधीचाच महिना ठेवला आणि वर तारीख टाकून लिहिलं की नवीन आकडे तपासणीत आहेत.

चलन बदलतं तेव्हा हे बरंच नीट होतं. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला लिरावरची सहा शून्यं काढली तेव्हा चलनाचा कोडही TRL चा TRY झाला, त्यामुळे फाइलीत कोड असेल तर जुनी आणि नवी रक्कम कॉम्प्युटरला वेगळी ओळखता येते. हजार, लाख, कोटी बदलतात तेव्हा तसा काहीच कोड नसतो, नुसती वर एक ओळ असते आणि तीही कुणी बदलत नाही. उपाय तयारच आहे, जागतिक बँक आणि नाणेनिधी ज्यामागे आहेत त्या आकडेवारीच्या देवाणघेवाणीच्या एसडीएमएक्स पद्धतीत UNIT_MULT म्हणून एक खूण असते, तिथे ६ लिहिलं की आकडा दहाच्या सहाव्या घाताने गुणायचा. त्याच हिशोबाने लाखाला ५ आणि कोटीला ७. असा कॉलम प्रत्येक ओळीला द्या, फाइलीच्या डोक्यावर नको, कारण आमच्या केसमध्ये ओळीओळीत फरक होता.

माझा चेक सगळं पकडत नाही हेही सांगते. मेट्रिक टनाऐवजी कुणी शॉर्ट टनात भरलं, जो साधारण ९०७ किलोचा असतो, तर आकडा दहा टक्क्यांनीच वाढतो, आणि तेवढी वाढ कुठल्याही महिन्यात खरीच होऊ शकते. तिथे गुणोत्तर बघून काही कळणार नाही, एकक लिहिलेलं असेल तरच कळेल.

तर माझं मागणं असं, की एकक बदलायचं असेल तर किमान एक महिना आधी जिथे फाइल मिळते तिथेच लिहा, सगळ्या शाखांना एकाच महिन्यापासून बदलायला लावा, आणि कोटीत भरायचं तर दशांशाची घरं चार ठेवा. त्या महिन्याची जुनी फाइल अजून तशीच पडून आहे, ०.०० सकट. शाखांकडे मूळ बिलं असतील, त्यावरून ती ३१ शीर्षं लाखात परत भरून टाकायला सांगा.

आपली,
तुमच्या फाइली दर महिन्याला वाचणारी एक नागरिक