विषय : सुट्या बाथटबबद्दल सहावी आणि शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

आज सकाळी 11 वाजता तुमच्या माणसाशी 34 मिनिटं बोलून फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. टब तुमचाच आहे, त्यामुळे तो कसा असतो हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. पण फोनवरच्या मंडळींना ती दिसली, म्हणून सांगतो.

आमचं बाथरूम पहिल्या मजल्यावर आहे, 6 फूट रुंद आणि 8 फूट लांब. मी दुकानात भिंतीत बसणारा टब मागायला गेलो होतो. तुमच्या विक्रेत्याने मला मधोमध उभा राहणारा सुटा टब दाखवला, टेप काढला आणि टबचा तळ मोजला. 53 इंच. "सर, 72 इंचांत 53, दोन्हीकडे साडेनऊ इंच मोकळे!" असं म्हणाला. हा टब वर पसरट होत जातो आणि काठाला 67 इंच भरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते तुम्हीच ठरवा. काठापाशी दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंच उरले, मागे तीन. म्हणजे वर चिंचोळी आणि खाली रुंद अशी फट. तिच्यात वस्तू आरामात पडते, पण वरून हात जात नाही. दुसऱ्याच दिवशी साबणाची वडी मागे पडली. ती मी छत्रीच्या मुठीने, जमिनीवर आडवा पडून काढली. पोछा तिथे पोहोचतच नाही, त्यामुळे पाणी साचतं आणि टाइल्सच्या सांध्यांवर महिन्याभरात काळी रेघ आली आहे. सुट्या टबला भिंतीपासून निदान हात आणि फडकं जाईल एवढी, म्हणजे पाच-सहा इंच तरी जागा लागते, आणि ती काठापासून मोजायची असते, तळापासून नाही.

आता नळ. सुट्या टबला भिंत नाही, म्हणून नळ जमिनीतून उभा. पाइप टाइल्स बसण्याआधी फरशीखालून न्यावे लागतात आणि एकदा टाइल बसली की नळ तिथेच राहतो. नळाचा खांब काठाच्या चार-पाच इंच बाहेर हवा. टोकाला जागा अडीच इंच. मग तुमच्या फिटरने काय केलं, तर तो समोरच्या लांब बाजूला, बरोबर मध्यावर रोवला. जिथून आत शिरायचं तिथेच. नळ आणि कमोड यांच्यामध्ये 16 इंच उरलेत. माझी आई 74 वर्षांची आहे आणि हा सगळा खटाटोप तिच्या गुडघ्यांसाठी होता. भिंतीतल्या टबला कडेला ओटा करता येतो, त्यावर बसून पाय आत घेता येतात. सुट्या टबला बसायला काहीच नाही, धरायला तोच डुगडुगणारा नळ.

आणि भरायला लागणारा वेळ, ज्यावरून आजचं भांडण झालं. विक्रेता म्हणाला होता दहा मिनिटं. मी 20 लिटरची बादली त्या नळाखाली धरली, 2 मिनिटं 40 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. अंघोळीपुरतं 180 लिटर पाणी घ्यायचं तर 24 मिनिटं. त्याच बाथरूममधल्या साध्या भिंतीच्या नळाने तीच बादली 1 मिनिट 20 सेकंदांत भरते. कारण अवघड नाही. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या तोंडापेक्षा जेमतेम 10 फूट वर आहे. एक बार दाब हवा तर 33 फूट उंची लागते, म्हणजे मला मिळतो एक तृतीयांशापेक्षाही कमी. नळाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत "किमान 1 बार" छापलंय. शिवाय पाणी बारीक लवचिक नळ्यांतून वर चढतं. शोरूममध्ये पंप लावून धबधबा दाखवलात, आमच्याकडे टाकी आहे का एवढं एका माणसाने विचारलं असतं तर?

(गीझर 25 लिटरचा आहे, ही माझी चूक, मान्य. 180 लिटरला तो पुरत नाही. पण विकताना तेही विचारता आलं असतं.)

आजचा संवाद जसाच्या तसा देतो. मी म्हणालो, 24 मिनिटं लागतात. तो म्हणाला, "सर, तुम्ही आधी टबमध्ये बसा आणि मग नळ सोडा."
मी विचारलं, का?
"तुम्ही बसलात की पाणी वर येतं ना सर. म्हणजे टब लवकर भरतो."
मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग विचारलं, जानेवारीत, इंदूरमध्ये, रिकाम्या थंड टबमध्ये उघड्याने 24 मिनिटं बसू?
"नाही सर, तेव्हा वीसच लागतील."
पुढे म्हणाला, "आणि तुमच्याकडे वजनदार कोणी असेल तर..." इथे मी फोन ठेवला नाही, कारण वाक्य पुरं व्हावं अशी माझी इच्छा होती. ते पुरं झालं नाही. त्याला वरिष्ठांनी बोलावलं आणि मला सतारीचं संगीत ऐकवण्यात आलं.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग सर, एक दिवसाआड अंघोळ करा." विनोद असेल तर चांगला होता. नसेल तर तुम्हाला लाज वाटायला हवी.

मला काय हवं ते नीट वाचा. हा टब परत न्या आणि 66 इंचांचा भिंतीत बसणारा द्या. 72 इंचांत सहा इंच उरतात, तिथे ओटा होईल, नळ भिंतीत येईल, तीन बाजू बंद आणि साफसफाई एकाच बाजूची. ट्रॅपपर्यंत पोहोचायला उघडणारी फळी मात्र ठेवा, नाहीतर तुंबला की पुन्हा फोडाफोड. फरशीतले पाइप बंद करताना टाइल आणि वॉटरप्रूफिंग फुटणार, खाली आमचं स्वयंपाकघर आहे, तो खर्च तुमचा. तळ मोजला तुम्ही, काठ नाही. हे मी पुन्हा लिहितोय, कारण पाच वेळा सांगूनही कोणाच्या नोंदीत नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला यायची गरज नाही. बादली आणि घड्याळाचा व्हिडिओ जपून ठेवला आहे.

रामबागेतल्या जुन्या घरात तुमच्याच कंपनीचं बेसिन 22 वर्षं आहे, अजून एक ओरखडा नाही. वडिलांनी घेतलं होतं. त्याच भरवशावर मी तुमच्या दुकानात शिरलो.

तुमचा माणूस येणार असेल तर सकाळी 9 नंतर यावा, टेप घेऊन. काठ मोजायचा आहे.

आपला, अजून तरी ग्राहक,
इंदूर