फ्लिप्ड क्लासरूम: पेनड्राइव्हचा उल्लेख का गाळला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्लिप्ड क्लासरूमवरचा लेख वाचला. पाठ घरी व्हिडिओवर पाहायचा आणि गणितं वर्गात सोडवायची, या पद्धतीला माझा विरोध नाही. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी ती स्वतः वापरली. म्हणूनच 'मुले घरी व्हिडिओ पाहून येतात' हे वाक्य वाचून राग आला. कोणाच्या फोनवर पाहून येतात, हे लेखात कुठेच नाही.

आमचं गाव डोंगराच्या पोटात, वर्गात ३४ मुलं. 'चलन' या प्रकरणावर बारा मिनिटांचा व्हिडिओ करून मी पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित घातलं: १२ मजूर एक काम २० दिवसांत करतात, तर १५ मजूर ते किती दिवसांत करतील? निम्म्या वह्यांत उत्तर २५. मजूर वाढले आणि दिवसही वाढले! एका मुलीला मी सगळ्यांदेखत विचारलं, "बारा मिनिटंही मिळाली नाहीत का गं तुला?" ती मान खाली घालून उभी राहिली.

मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. घरात फोन एकच, तो वडिलांकडे, आणि वडील रात्री आठच्या एसटीनं येतात. घरात रेंज नाही, म्हणून ही पाण्याच्या टाकीपर्यंत चढून गेली. व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला अडकला तो पुढे सरकलाच नाही. मी तिची वही पाहिली. तारीख, शीर्षक आणि वह्यांची संख्या व किंमत यांचा तक्ता नीट उतरवलेला होता. पहिल्या तीन मिनिटांत मी फक्त सम चलन, म्हणजे एक वाढलं की त्याच प्रमाणात दुसरंही वाढतं, एवढंच शिकवलं होतं. तिला जेवढं मिळालं तेवढं तिनं बरोबर वापरलं आणि म्हणून २५ आलं. व्यस्त चलनात गुणाकार कायम राहतो, १२ गुणिले २० म्हणजे २४०, त्याला १५ नं भागून १६ दिवस, हे पुढच्या नऊ मिनिटांत होतं. तिला बोलले, ते मला अजून लागतं.

त्या दिवशी मी सगळा पाठ फळ्यावर पुन्हा शिकवला. पद्धत तिथेच मोडली, कारण पुढच्या वेळी ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांनीही व्हिडिओ पाहिला नाही. बाई परत सांगतातच, हे त्यांना कळलं होतं.

तरीही मला ही पद्धत हवी आहे. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी गणितात अडलं तर सांगणारं कोणी नाही. समजावणं वर्गात आणि गणितं घरी, या जुन्या रीतीत ती नेमकी अडतात तेव्हा एकटी असतात. बाकांमधून फिरताना २५ हे उत्तर मला लिहितानाच दिसतं, दोन दिवसांनी वह्या तपासताना नाही. म्हणजे ज्यांना या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग, त्यांच्याच घरी ती पोचत नाही.

आपल्या लेखकांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं उदाहरण दिलं. तिथे २००७ मध्ये जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली, हे खरं. पण ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना त्यांनी पेनड्राइव्ह दिले आणि ज्यांच्याकडे संगणकच नव्हता त्यांना डीव्हीडी. ही गोष्ट लेखात का नाही? इथल्या शाळांना तीच सर्वांत आधी कळायला हवी.

आता मी व्हिडिओ कमी रिझोल्यूशनवर साठवते आणि शाळेतच मेमरी कार्डावर घालून देते. वर्गात आल्यावर प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एकच उत्तर घेते: मजूर वाढले तर दिवस वाढतील की कमी होतील, आणि का? 'का' रिकामं असेल तो मागच्या कोपऱ्यात शाळेच्या लॅपटॉपवर व्हिडिओ पाहतो, बाकीचे गणितं सोडवतात. पाठ पुन्हा शिकवत नाही. यातही तोटा आहेच. पस्तीस मिनिटांच्या तासातली बारा मिनिटं तिथे गेली की त्या मुलांना सराव कमी मिळतो. तो तास संपल्यावर थांबून भरून काढावा लागतो आणि लांबच्या वाडीतली मुलं थांबू शकत नाहीत.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाखाली 'उर्वरित भाग क्यूआर कोड स्कॅन करून वाचा' असं छापलं होतं. आमच्याकडे आपला अंक दुपारच्या एसटीनं येतो आणि आम्ही त्याचे पैसे पूर्ण देतो. लेख सुरू केलात तर तो कागदावरच पुरा करा. उर्वरित भाग पुढच्या रविवारी छापावा, ही विनंती.

आपली,
एक गणित शिक्षिका, जि. रायगड