इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात सुट्या नकोत

घरगुती कचऱ्याच्या वर्गीकरणावरील आपला लेख (रविवार पुरवणी) वाचला. ओल्या-सुक्याची माहिती नेमकी आहे, पण इन्सुलिनच्या सुया व रक्तातली साखर तपासताना बोट टोचायच्या लॅन्सेट यांचा उल्लेख राहून गेला. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वापरलेल्या सुया-सिरिंज ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून स्पष्ट नोंदवल्या होत्या.

इन्सुलिन पेनची सुई मोठे टोपण लावून काढली की ती सुरक्षित झाली, असा अनेकांचा समज असतो. ही सुई दुतोंडी असते. टोपण झाकते ते त्वचेत जाणारे टोक. काडतुसात शिरणारे मागचे टोक उघडेच राहते. ते टोचते कचरा हाताने वेगळा करणाऱ्याला, आणि हिपॅटायटिस बी, सी अशा रक्तातून पसरणाऱ्या रोगांची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते.

खास डबा विकत घ्यायलाच हवा असे नाही. द्रव डिटर्जंटची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली उत्तम. पाण्याची बाटली पातळ असते, काच फुटते. बाटली इंजेक्शनच्या जागेजवळच, पण मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. सिरिंजला पुन्हा टोपण लावू नये, कारण तेव्हाच बोटाला टोचते. ती सुईकडून सरळ आत टाकावी. लॅन्सेटही त्यातच. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करून वर ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहावे आणि ती सुक्या कचऱ्यात न मिसळता सफाई कर्मचाऱ्याच्या हाती सांगून द्यावी.

— एक वाचक, पुणे