महाग जाहिरात काय सांगते?

संपादक महोदय,

महागड्या जाहिरातींचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी पडतो, ही तक्रार अर्धीच खरी आहे. वापरल्याशिवाय ज्याचा दर्जा कळत नाही, अशा मालाबाबत तो खर्चच काहीतरी सांगत असतो, असे अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी 1974 मध्ये मांडले होते.

समजा, एक नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीवर 50 रुपये लागतात आणि साबणाच्या एका वडीमागे 20 रुपये सुटतात. साबण चांगला असेल तर ग्राहक पाचदा घेईल आणि 100 रुपये मिळतील. वाईट असेल तर तो पुन्हा फिरकणार नाही. 20 मिळतील, 30 बुडतील. म्हणून हा खर्च परत खरेदीची खात्री असलेल्यालाच परवडतो. जाहिरातीत काय म्हटले आहे, याला इथे फारसे महत्त्व नाही. खर्च डोळ्यांना दिसला पाहिजे, एवढेच.

मात्र निकृष्ट माल इतका स्वस्तात बनत असेल की एका विक्रीतच 60 सुटतात, तर हा हिशेब कोसळतो. आयुष्यात एकदाच घ्यायच्या गोष्टींत, किंवा वापरूनही गुण आला की नाही हे कळत नाही अशा शक्तिवर्धक गोळ्यांत, परत खरेदीचा धाक उरतच नाही. तिथे मोठ्या जाहिरातीवर विसंबणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते.

— एक वाचक