‘के’ गिळू नकोस

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला कारण पार्सलची गोष्ट काही केल्या संपत नव्हती. आता संपली आहे असं वाटतंय. तू विचारलं होतंस, ‘‘एक मुलगा आजोबांना पार्सलवरची चिठ्ठी वाचून दाखवतो, यात गोष्ट कुठे आहे?’’ पहिल्या खर्ड्यात नव्हतीच. मुलगा घडाघडा वाचत होता, आजोबा डोळे पुसत होते. फाडून टाकला तो.

घोळ कुठे होता ते दुसऱ्या खर्ड्यात कळलं. चिठ्ठी जर्मन आहे आणि मुलाला जर्मन येत नाही. त्याला शाळेतल्या इंग्रजीपुरती रोमन अक्षरं येतात. आजोबांना ती अक्षरं अजिबात येत नाहीत, पण तरुणपणी त्यांनी एका जर्मन इंजिनिअरच्या हाताखाली फिटर म्हणून काम केलंय, त्यामुळे पाच-पंचवीस शब्द कानात बसलेले. म्हणजे एकाकडे अक्षर आहे, दुसऱ्याकडे आवाज. अर्थ दोघांकडेही नाही, आणि मुलाच्या तोंडून आवाज चुकीचा निघाला तर आजोबांचा कान तो पकडणार नाही. गोष्ट ती इथे.

काळ 1987 ठेवला. पाकिटावर ‘डॉयचे बुंडेसपोस्ट’ असं छापलेली तिकिटं, कारण पश्चिम जर्मनीची तिकिटं तशीच असत. शेजारी जकातीचं हिरवं लेबल. त्यावर मी आधी जर्मन शब्द लिहिला होता, नंतर चूक लक्षात आली. 1874 साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघ स्थापन झाला, त्याची अधिकृत भाषा फ्रेंच. त्यामुळे असल्या लेबलावर फ्रेंच ‘दुआन’, म्हणजे जकात. मला ही चूक फायद्याचीच ठरली. मुलगा आधी छापील, ठसठशीत अक्षरांकडे जातो, ‘डौआने, डौआने’ करत पाच मिनिटं घालवतो, आणि आजोबा म्हणतात, ‘‘हे ते लोक कधीच बोलत नव्हते.’’ बरोबरच आहे, ती त्या लोकांची भाषाच नव्हे.

मग हाताने लिहिलेली चिठ्ठी. एवढीच आहे ती: ‘फोअरझिश्ट, फोटोस! बिट्टं निश्ट क्निकन!’ म्हणजे ‘जपून, फोटो आहेत! कृपया दुमडू नका!’ मी तुला जर्मन उच्चारात लिहून दिलं, पण मुलाच्या तोंडी ते असं येतं: ‘व्होर्सिच्ट, फोटोस, बिट्टे निच्ट निकन.’ ‘फोटो’ दोघांनाही लगेच कळतं, ते लपवण्यात अर्थ नव्हता. आत काय आहे याची उत्सुकता त्यामुळे पहिल्या पानावरच संपते, आणि ते चांगलंच झालं. उरतो प्रश्न, पाठवलं कुणी?

मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव. तिथे जर्मन माणसं आधी ‘आब्स’ असं तुटक लिहितात. ‘आब्झेंडर’ म्हणजे पाठवणारा, त्याचं ते छोटं रूप. मुलाला वाटतं हे नावच. ‘‘आजोबा, अब्स नावाचं कोणीतरी आहे. अब्स एच. व्होगेल.’’ आजोबा खूप आठवून बघतात. अब्स कोणी नव्हता. व्होगेलही नव्हता. पार्सल चुकून आलंय, परत करून टाकू, इथपर्यंत गोष्ट जाते.

मुलगा नाव पुन्हा पुन्हा म्हणतो, हळू, भरभर, तोडून. चौथ्या-पाचव्या वेळेला आजोबा म्हणतात, ‘‘फोगल?’’

‘‘फ नाहीये, आजोबा. व्ही आहे. स्पष्ट आहे.’’

‘‘असू दे तिथे काहीही. तो माणूस स्वतःला फोगलच म्हणायचा.’’

सुहास, इथे मला तो फ्रेंच शांपोल्यों आठवला, 1822 मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा. त्याने टॉलेमी, क्लिओपात्रा अशी राजाराण्यांची नावं धरली, कारण भाषा बदलली तरी नावाचा आवाज फारसा बदलत नाही. एका नावातून चार अक्षरं हाती आली की ती दुसरीकडे लावून बघता येतात. माझा मुलगा तेच करतो, त्याला माहीत नसताना. ‘व्ही’चा उच्चार ‘फ’ असेल, तर चिठ्ठीतला पहिला शब्दही ‘फ’नेच सुरू होणार. ‘‘फोर्सिच्ट,’’ तो म्हणतो. आजोबा मान वर करतात. ‘‘फोरसिक्ट?’’ नाही. ‘‘फोरसिश्ट?’’ त्यावर आजोबांच्या तोंडून तो शब्द असा बाहेर पडतो की मुलगा दचकून मागे सरकतो: ‘‘फोअरझिश्ट!’’ क्रेनने वजन उचललं की फोगलसाहेब हेच ओरडायचे, आणि खालची माणसं बाजूला व्हायची. त्याचा अर्थ ‘जपून’ असं आजोबा सांगत नाहीत. ‘‘हे ऐकलं की हलायचं,’’ एवढंच सांगतात. या एका वाक्यासाठी बाकीची सहा पानं लिहिली असं समज.

आणि आता ‘क्निकन’. मुलगा ‘के’ सोडून देतो, कारण शाळेत त्याला शिकवलंय की ‘नाइफ’मधला ‘के’ बोलायचा नाही. त्यावरून त्याने छड्याही खाल्ल्या असतील. आजोबा विचारतात, ‘‘काय काय अक्षरं आहेत?’’ तो सांगतो. ‘‘मग ‘के’ कुठे गेला?’’ ‘‘तो सायलेंट असतो.’’ ‘‘ते लोक काही गिळत नाहीत. बटणाला साहेब क्नोप्फ म्हणायचे, क्नोप्फ. के गिळू नकोस.’’ गंमत बघ, इंग्रजीतही हा ‘के’ पूर्वी बोलला जायचा; साधारण सतराव्या शतकात तो तोंडातून गेला, लिहिण्यात मात्र राहिला. जर्मनने तो टिकवला. गुडघ्याला इंग्रज ‘नी’ म्हणतो, जर्मन ‘क्नी’, मूळ शब्द एकच. म्हणून इथे शिकलेला नातू चुकतो आणि अक्षर न ओळखणारा आजोबा बरोबर ठरतो. हे सगळं गोष्टीत अर्थातच नाही, फक्त तो ‘के’ आहे.

‘क्निकन’चा अर्थ मात्र दोघांनाही शेवटपर्यंत लागत नाही. मला तो लावून द्यायचा मोह झाला होता. मुलगा पार्सल हातात उलटसुलट करताना ते नकळत थोडं वाकवतो, तेवढंच ठेवलं. ज्याला शब्द माहीत असेल त्याला तिथे चिमटा बसेल.

शेवट तीनदा बदलला. आधी पाकीट उघडून फोटो दाखवले होते, ते काढले. आता असं आहे: फोगल हे नाव पक्कं झाल्यावर आजोबा म्हणतात, ‘‘साहेबाच्या अवजारांच्या पेटीवर दोन अक्षरं रंगवलेली होती.’’ आणि जमिनीवर बोटाने काढून दाखवतात. आधी दोन खळगे शेजारी शेजारी, मग एकच खळगा. मुलगा ओळखतो, डब्ल्यू आणि व्ही. पाकिटाकडे बघतो. ‘‘दुसरं आहे, आजोबा. पहिलं नाहीये. इथे एच आहे.’’ ‘‘नीट बघ.’’ ‘‘एचच आहे.’’ आजोबा जमिनीवरची अक्षरं तळहाताने पुसतात आणि कात्री आणायला सांगतात.

बस, संपलं. साहेब गेले असं कुठेही लिहिलेलं नाही. बायकोने पाठवलं की मुलीने, तेही नाही. तुला हे कळतंय का, की मी फारच झाकून ठेवलंय, ते सांग. आणखी एक काम: तू दोन वर्षं जर्मनच्या वर्गाला जात होतास. ‘निश्ट’मधला शेवटून दुसरा आवाज ‘श’ आणि ‘ह’च्या मधला आहे, देवनागरीत तो धड बसत नाही. मी ‘श’ लिहिला, कारण आजोबांच्या तोंडी तोच येईल असं वाटलं. क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसाला तो तसाच ऐकू आला असता का? मोठ्याने ओरडून बघ आणि कळव. शेजारचे काय म्हणतील याची काळजी करू नकोस.

खर्डा सोबत जोडला आहे. त्यावर पेन्सिलीनेच लिही, मागच्या वेळेसारखं लाल शाईने नको.

तुझा,
अनंत