नॉक सेन्सरवर खापर फोडू नका

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतल्या ‘पेट्रोल भरताच इंजिन लाइट’ या लेखात नॉक सेन्सर बदलण्याचा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. आज कितीतरी वाचक तो लेख घेऊन गॅरेजमध्ये उभे राहतील आणि चांगला सेन्सर काढून नवा बसवून घेतील. लाइट मात्र पुन्हा लागेल, कारण दोष टाकीत आहे.

नॉक सेन्सर हा इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला, कंपनं ऐकणारा कान. पेट्रोल वेळेआधी भडकून, म्हणजे नॉकिंग होऊन, ब्लॉक थरथरला की तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. हे नेहमीचं काम आहे, त्यासाठी लाइट लागत नाही. चालकाला जाणवतं ते एवढंच, की पिकअप मेलाय आणि मायलेज घटलंय. स्कॅनरवर P0325, P0327 किंवा P0328 हा दोषाचा कोड आला तर तो सेन्सरच्या सर्किटचा दोष असतो, म्हणजे तुटलेली वायर किंवा गंजलेला कनेक्टर. पेट्रोलने वायर तुटत नाही. गोंधळ होतो तो P0326 मुळे. सतत नॉकिंग राहिलं तर काही गाड्यांत तो कोड येऊ शकतो, म्हणून त्याच्यावरून लगेच सेन्सर बदलू नये.

पावसाळ्यात घडणारं उदाहरण घ्या. टाकी ३७ लिटरची, आत ७ लिटर शिल्लक, वर ३० लिटर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरलं. त्या ३० लिटरमध्ये साधारण ६ लिटर इथेनॉल असतं. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचं पाणी शिरलेलं असेल, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि दोघांचा थर तळाशी बसतो. गाडीचा फ्युएल पंप तळातूनच ओढतो. पाइपातलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत गाडी ठीक चालते, मग मिसिंग सुरू होतं, लाइट लुकलुकायला लागतो आणि स्कॅनरवर P0300 किंवा P0302 सारखे मिसफायरचे कोड दिसतात. नॉक सेन्सरचा कोड नसतो. लुकलुकणारा लाइट दिसला की गाडी पुढे रेटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो.

लेखात सुटलेला भाग यापुढचा आहे. अनेकदा मेकॅनिक तळातलं पाणी काढतो आणि वरचं ‘स्वच्छ’ पेट्रोल टाकीतच ठेवतो. त्या पेट्रोलचं इथेनॉल निघून गेलेलं असतं, आणि ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, वाढवून देत होतं ते इथेनॉलच. आता मिसिंग थांबतं, पण चढावर वरच्या गिअरमध्ये टकटक ऐकू येते. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकिंगमुळे ठिणगी किती अंश उशिरा पडतेय ते, बघा. एरवी लोडवर एक-दोन अंश दाखवणारी गाडी सहा-आठ अंशांवर अडकलेली दिसली, तर सेन्सर उत्तम आहे. टाकी पूर्ण रिकामी करून चांगलं पेट्रोल भरा आणि कोड पुसा. रिटार्ड त्याच क्षणी शून्यावर येत नाही, ईसीयू तो चालवता चालवता हळूहळू सोडतो.

मल्टिमीटर लावून ‘सेन्सर ओपन दाखवतोय’ म्हणणाऱ्यांनाही आवरायला हवं. हा पिझो, म्हणजे कंपनाने वीज निर्माण करणारा, सेन्सर असतो. आत रोधक नसेल तर त्याचा रोध मेगाओममध्येच दिसतो, तो दोष नव्हे. खरंच बदलायचा झाला, तर खालचा पृष्ठभाग स्वच्छ हवा, मध्ये वॉशर नको, आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळावा. बहुतेक गाड्यांत तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. जादा आवळला तर नवा सेन्सरही नीट ऐकत नाही.

लेखात फिल्टर पेपरची चाचणी सुचवली आहे. ती केरोसीनसारख्या भेसळीसाठी बरी आहे, कारण तिचा डाग उरतो. पाणी त्यात भरवशाने कळत नाही. त्यासाठी टाकीच्या तळातून लिटरभर पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून वीस मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेषा दिसली, की निदान झालं. ती बाटली झाकण लावून, तारीख लिहून, बिलासकट जपून ठेवा. पंपाकडे तक्रार करताना तोच पुरावा.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत इंजिन लाइट म्हणून छापलेलं चित्र तेलाच्या दाबाच्या लाल दिव्याचं होतं. पिवळा इंजिन लाइट स्थिर असेल, तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तेलाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावं लागतं, नाहीतर बेअरिंग जातात. या चित्राची दुरुस्ती उद्याच्या अंकात पहिल्या पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिंचवड